ड्राइव्हमधला बॅकअप काढल्याने नव्या फोनमधले मेसेज जात नाहीत

सगळीकडे फिरणारा मेसेज असा आहे:

«फोन बदलल्यावर गूगल ड्राइव्हमधला व्हॉट्सअ‍ॅपचा जुना बॅकअप चुकूनही डिलीट करू नका. नवीन फोन मेसेज तिथूनच दाखवतो, बॅकअप गेला की नवीन फोनमधलं सगळं जातं. जागा कमी पडत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जाऊन जुने फोटो-व्हिडिओ डिलीट करा, ड्राइव्ह आपोआप रिकामा होतो. आणि बॅकअप डिलीट झालाच तर घाबरू नका, ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो.»

मेसेज कुठून दिसतात

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे मेसेज `msgstore.db` नावाच्या एका फाइलमध्ये असतात आणि ही फाइल फोनच्याच मेमरीत, अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत राहते. तुम्ही चॅट उघडता तेव्हा अ‍ॅप याच फाइलमधून वाचतं. नवीन फोनवर नंबर टाकून Restore दाबलं, की ड्राइव्हमधली प्रत एकदाच खाली उतरते आणि तिच्यापासून नव्या फोनवर ही फाइल तयार होते. तिथे ड्राइव्हचं काम संपतं. यापुढे प्रवास एकाच दिशेने होतो: ठरलेल्या वेळी फोन आपली ताजी प्रत ड्राइव्हवर चढवतो. ड्राइव्हकडून फोनकडे काहीच येत नाही, «डिलीट झालं» हा निरोपसुद्धा नाही.

हे माझ्या शब्दावर मानायची गरज नाही. नव्या फोनवर एअरप्लेन मोड लावा, वाय-फाय बंद असल्याची खात्री करा आणि एखादं दोन वर्षांपूर्वीचं चॅट उघडा. मेसेज दिसतात, शोधलेला शब्द सापडतो. इंटरनेट पूर्ण बंद असताना हे ड्राइव्हमधून येणं शक्यच नाही.

गैरसमज कशामुळे झाला असेल, तेही समजण्यासारखं आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो अ‍ॅपमधून डिलीट केला, की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. टेलिग्रामची साधी चॅट्स मुळातच कंपनीच्या सर्व्हरवर असतात, फोन ती तिथून आणून दाखवतो. या दोन्ही ठिकाणी क्लाउड आणि फोन एकमेकांना बांधलेले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचा ड्राइव्ह बॅकअप तसा बांधलेला नाही, ती नुसती सुटी प्रत आहे.

भीतीत खरं काय आहे

मात्र दोन प्रसंगी बॅकअप घाईने काढला तर नुकसान होतं, आणि नेमकं तेच त्या मेसेजमध्ये नाही.

पहिला प्रसंग अर्धवट रिस्टोअरचा. Restore दाबल्यावर आधी मजकूर उतरतो आणि अ‍ॅप लगेच वापरता येतं. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज मात्र मागून सावकाश उतरत राहतात. बॅकअप मोठा असेल किंवा वाय-फाय मध्येमध्ये तुटत असेल तर यात बराच वेळ जातो. मजकूर दिसला म्हणजे सगळं आलं असं समजून याच वेळी बॅकअप डिलीट केला, तर न उतरलेलं मीडिया तिथून पुन्हा मिळणार नाही. हे ओळखता येतं: काम चालू असताना मीडिया रिस्टोअर होत असल्याची सूचना दिसते आणि Settings > Chats > Chat backup मध्ये प्रगती दिसते. शिवाय एअरप्लेन मोडमध्येच जुन्या चॅटमधले काही फोटो उघडून पाहा. स्वच्छ उघडले तर ते फोनमध्ये आहेत. धूसर चौकोन आणि त्यावर डाउनलोडचा बाण असेल तर ते अजून आलेले नाहीत. (काही फोटो तुम्ही जुन्या फोनवरही कधी डाउनलोड केले नसतील. ते तसेच धूसर राहतील, त्यांचा बॅकअपशी संबंध नाही.)

व्हिडिओंबाबत एक गोष्ट वेगळी तपासा. जुन्या फोनवर Include videos बंद असेल, तर व्हिडिओ बॅकअपमध्ये कधी गेलेच नव्हते. ते फक्त जुन्या फोनवर आहेत. ते बाजूला काढून ठेवल्याशिवाय जुना फोन रिसेट करू नका.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. नवीन फोन सुरू करताना Restore ऐवजी Skip दाबलं गेलं, तर नव्या फोनवर जुने मेसेज नसतातच. अशा वेळी ड्राइव्हमधली प्रत, आणि जुना फोन अजून रिसेट केला नसेल तर तो, एवढ्याच दोन जागी ते उरतात. इथे बॅकअपला हात लावू नका. उलट तो आपोआप बदलला जाऊ नये म्हणून धावपळ करा: एकाच नंबरची आणि एकाच गूगल खात्याची नवी प्रत जुन्या प्रतीची जागा घेते. म्हणजे नव्या फोनवर रोजचा बॅकअप चालू असेल, तर रिकाम्या चॅटची प्रत जुन्यावर चढते. आधी Chat backup मध्ये जाऊन आपोआप होणारा बॅकअप बंद करा. तिथे दिसणारी बॅकअपची तारीख आणि आकार जुन्याच प्रतीचा आहे ना, ते पाहा. मग अ‍ॅप काढून पुन्हा टाका आणि या वेळी Restore निवडा. फोनवर तेच गूगल खातं जोडलेलं असावं लागतं आणि नंबरही तोच लागतो.

जागा रिकामी करण्याचा जो उपाय सांगितला आहे

मला या मेसेजचा सगळ्यात राग येतो तो इथे. जी गोष्ट निर्धोक आहे तिची भीती घातली आहे आणि जिने खरंच आठवणी जातात ती करायला सांगितली आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जाऊन व्हिडिओ डिलीट केला की तो तुमच्या फोनमधून जातो. ड्राइव्हवर मात्र त्या क्षणी काहीच घडत नाही. पुढचा बॅकअप त्याच खात्यात झाला, तरच तिथला आकार कमी होतो. आणि नव्या फोनवर तुम्ही बॅकअपसाठी दुसरं गूगल खातं निवडलं असेल, तर जुन्या खात्यातली प्रत होती तेवढीच राहते. तुम्ही फोन साफ करत राहता आणि जुनं खातं भरलेलंच.

हा प्रश्न एवढा वर येण्याचं कारण असं, की पूर्वी अँड्रॉइडवरचे व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप गूगलच्या जागेत मोजले जात नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे बदलणार असल्याचं जाहीर झालं आणि २०२४ पासून ते मोफत १५ जीबीत मोजले जाऊ लागले. याच १५ जीबीत जीमेल आणि फोटोजही येतात. जागा भरली की नवे ईमेल येणं थांबू शकतं.

एक उदाहरण

समजा, जुन्या खात्यात जीमेलचे ४ जीबी, फोटोजचे २.५ जीबी आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ८ जीबी आहेत. एकूण साडेचौदा. फोन बदलताना नवीन गूगल खातं काढलं आणि पुढचे बॅकअप तिकडे घ्यायचे ठरवलं. क्रम असा ठेवावा.

नव्या फोनवर सुरुवातीला जुनं खातंही जोडायचं, कारण प्रत त्याच खात्यात आहे. Restore करायचं, मीडिया पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं, वर सांगितलेली एअरप्लेन मोडची तपासणी करायची. मग Chat backup मध्ये गूगल खातं बदलून नवीन निवडायचं आणि Back up दाबायचं. हा बॅकअप पूर्ण झाल्यावर तिथे नव्या खात्याच्या नावासमोर आजची तारीख आणि आकार दिसतो. तो आकार आठ जीबीच्या आसपास हवा. अर्धा जीबीच दिसला तर काहीतरी राहिलं आहे: एक तर मीडिया उतरलेलं नाही, नाही तर व्हिडिओ वगळले गेलेत. त्याचा छडा लागेपर्यंत जुनी प्रत तशीच राहू द्या.

आकार जुळला की संगणकावर जुन्या खात्याने `drive.google.com/drive/backups` उघडायचं. तिथे साधारणपणे दोन प्रकारचे बॅकअप दिसतात आणि गोंधळ इथेच होतो. फोनच्या मॉडेलच्या नावाचा जो असतो, तो अँड्रॉइडचा बॅकअप: सेटिंग्ज, एसएमएस, कॉलची यादी. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप मॉडेलच्या नावाने नसतो, तो तुमच्या फोन नंबरच्या नावाने असतो. त्यावर राइट क्लिक करून Delete backup निवडायचं. फोनवरून करायचं असेल तर ड्राइव्ह अ‍ॅपच्या मेनूतल्या Backups मध्ये हाच पर्याय तीन ठिपक्यांखाली आहे. आठ जीबी मोकळे होतात आणि नव्या फोनमधलं एकही चॅट हलत नाही.

खातं बदललंच नसेल, तर त्या यादीत व्हॉट्सअ‍ॅपची एकच प्रत असते. ती «जुन्या फोनची» नसते, नवा फोन रोज तीच ताजी करत असतो. ती काढली तरी फोनमधले मेसेज राहतात, पण त्यानंतर फोन हरवला किंवा बिघडला तर परत आणायला ड्राइव्हवर काही नसतं. त्यामुळे केवळ जुनी वाटते म्हणून ती काढू नका.

ट्रॅशचं

तीस दिवसांची मुदत ड्राइव्हमधल्या साध्या फाइलींना आहे. बॅकअप ट्रॅशमध्ये जात नाही. Delete दाबून होकार दिला की तो परत आणता येत नाही. ज्यांनी या वाक्यावर विसंबून «आधी काढून तर बघू» असं ठरवलं असेल, त्यांनी कृपया थांबावं आणि वरची तपासणी आधी करावी.

आयफोनवर

तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आयक्लाउडमध्ये जातो आणि तोही असाच सुटा असतो, त्यामुळे बॅकअप काढल्याने फोनमधले मेसेज जात नाहीत, हे तिथेही लागू आहे. अ‍ॅपलच्या स्वतःच्या मेसेजेस अ‍ॅपचं मात्र वेगळं आहे. त्याचं आयक्लाउड चालू असेल तर एका उपकरणावर काढलेला संदेश सगळीकडून जातो. दोन्हींना एकच नियम लावू नका.

डिलीट केल्यावर गूगलच्या जागेचा आकडा लगेच कमी झाला नाही, तर एक दिवस वाट पाहा, तो उशिरा बदलतो. आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप त्याच खात्यात पुन्हा दिसू लागला, तर नव्या फोनमध्ये अजून जुनंच खातं निवडलेलं आहे आणि रात्रीचा बॅकअप तिकडेच गेला आहे. Chat backup मधलं खात्याचं नाव पुन्हा एकदा पाहून घ्या.