सुधारित कराराच्या सारांशाबद्दल तुमच्या अभिप्रायाला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (दोन तारे): "नव्या मसुद्यात जेमतेम दोन ओळी बदलल्या होत्या. तरी सारांशाला एक दिवस लावला. वर मूळ मजकूर जसाच्या तसा असलेल्या कलमांवरही 'परिणाम बदलला' असा शेरा! जुन्या सारांशात दोन ओळी घातल्या असत्या तर भागलं असतं."

नमस्कार,

तुमच्या कराराचा तपशील इथे उघड करणं बरोबर नाही, म्हणून त्याच धाटणीचं उदाहरण घेतो. समजा, खरेदीच्या करारात सुरुवातीलाच 'स्वीकृती' या शब्दाची व्याख्या आहे. पहिल्या मसुद्यानुसार खरेदीदारानं लेखी पत्र दिलं की माल स्वीकारला. नव्या मसुद्यात एक वाक्य वाढतं: ७ दिवसांत तक्रार आली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जाईल. बदल एवढाच. पण पुढे पैसे चुकते करायची ३० दिवसांची मुदत स्वीकृतीपासून मोजायची आहे आणि १२ महिन्यांची वॉरंटीही तिथूनच सुरू होते. माल १ तारखेला आला आणि तपासणी संपवून तुम्ही २० तारखेला पत्र दिलं, तर आधी दोन्ही मुदती २० पासून सुरू झाल्या असत्या; आता त्या ८ च्या सुमारास सुरू होतात. त्या दोन कलमांत एक अक्षरही बदललेलं नसतं. शेरा तिथे असतो तो यासाठी.

वेळ यातच जातो. वर्डमधल्या Compare नं दोन मसुद्यांतला फरक काही मिनिटांत दिसतो. समोरच्यानं ट्रॅक चेंजेस करून पाठवलं असलं तरी तेवढ्यावर आम्ही विसंबत नाही, कारण मधेच ते बंद ठेवून केलेली दुरुस्ती त्यात उमटत नाही. खरं काम त्यानंतरचं: बदललेली व्याख्या करारात कुठे कुठे वापरली आहे ते शोधून प्रत्येक जागा पुन्हा वाचणं.

सारांशात जुनं विधान खोडलेलं, त्याच्याशेजारी नवं विधान आणि कलम क्रमांक असं आम्ही ठेवतो. वगळलेलं कलमही खोडून तिथेच दाखवतो. नुसतं काढून टाकलं तर ते गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. जिथे काहीच बदललेलं नाही तिथे आमची आधीची वाक्यंही तशीच राहतात. अधिक चांगलं वाक्य सुचलं तरी मोह आवरतो, नाहीतर आमच्या भाषेतला फरक तुम्हाला करारातला फरक वाटेल.

नवी अट मान्य करावी की नाही, हे मात्र तुमच्या वकिलांनी ठरवायचं.

अख्खा सारांश पुन्हा वाचायला वेळ नसेल, हे मान्य. पुढच्या मसुद्याला फक्त बदलांचं एक पान वेगळं देऊ. 'परिणाम बदलला' हे शेरे त्यातही असतील. फाइल शक्यतो वर्डमध्ये पाठवा. स्कॅन केलेली पीडीएफ आली की आधी मजकूर ओळखून घ्यावा लागतो, आणि त्यात १ चा ७ झालेला आकडा बदल म्हणून वर येतो. तो हातानं पडताळण्यातच निम्मा दिवस जातो.