पंचेचाळीस सेकंदांत गोवा सुधारण्याची रीत

रस्ता सुरक्षेची जाहिरात करायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर सर्वप्रथम अभिनंदन. ४५ सेकंद म्हणजे भरपूर वेळ असतो. सिग्नलला माणूस तेवढ्यात दोनदा घड्याळ बघतो आणि एकदा हॉर्न मारतो. तुम्ही त्यात हेल्मेट, सीट बेल्ट, दारू, मोबाईल आणि झेब्रा क्रॉसिंग एवढं सगळं सहज बसवू शकता. लोकांनी नेमकं काय करायचं एवढंच तेवढं बसत नाही. पण त्याला इलाज नाही.

मी ही कला एका सरकारी कचेरीतल्या बैठकांमध्ये शिकलो. माझी मूळ पटकथा अगदीच बाळबोध होती. पहिली आठ सेकंदं: एका बाईचे हात बाळाच्या टोपड्याची नाडी हनुवटीखाली बांधतायत आणि बाळ मान झटकून रडतंय. मग तेच घर, वीस-बावीस वर्षांनंतरचं. ओसरीवर मिशीवाला मुलगा किल्ली फिरवत उभा, हेल्मेट कोपराला अडकवलेलं, इथंच तर जायचंय अशा थाटात म्हणतो, "आई, हांगाच वतां गे." आई काही बोलत नाही. ती हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवते, आता जरा सुरकुतलेले तेच हात हनुवटीखाली जातात, आणि हा घोडा मान झटकून कुरकुरतो. टक्. पट्टा बसला. मुलगा निघून जातो. शेवटची सात सेकंदं काळ्या पडद्यावर एकच ओळ: हेल्मेटचा पट्टा लावा. सगळ्या मिळून बोललेले शब्द चार.

यातली घोडचूक तुमच्या लक्षात आली असेलच. अपघात नाही! रक्त नाही, रस्त्यावर फिरत राहिलेलं चाक नाही, व्हायोलिन नाही. मी आपलं समजावत होतो की भावना आणि कृती एकाच जागी आहे, नाडी आणि पट्टा. बघणाऱ्याला आई आठवली की हनुवटी आपोआप आठवेल. साहेब म्हणाले, "लोकांना धक्का बसायला हवा." तेव्हा तुम्हीही धक्काच द्या. भीती दाखवायची तर तिच्या जोडीला सहज जमेल असा उपाय हवा, नाहीतर माणूस धोका टाळायच्या ऐवजी नुसती भीतीच टाळतो, असं किम विट या संशोधिकेनं १९९२ मध्ये मांडून ठेवलंय. ते वाचू नका. उपाय न देता घाबरवलेला माणूस "हे भायले, दारू पिऊन चलयतात" असं म्हणून चॅनेल बदलतो, आणि शांत झोपतो. लोकांना शांत झोप लागणं हेही जनहितच आहे.

कृती निवडताना अशी निवडा की ती केली की नाही हे कुणालाच कळू नये. "वाहन सावकाश चालवा" ही उत्तम. झुआरी पुलावर ऐंशीनं जाणाराही स्वतःला सावकाशच समजतो, कारण बाजूनं शंभरवाला गेलेला असतो. "सुरक्षित राहा" त्याहून छान. त्यात हात, पाय, वेळ, जागा काहीच येत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यालाही काही त्रास नाही. पट्ट्यासारखी कृती मात्र टाळाच. ती हातानं करायची असते, किल्ली फिरवायच्या आधी करायची असते, आणि तिचा आवाज येतो. केली नाही तर माणूस पकडला जातो, निदान स्वतःकडून तरी.

बैठकीत एकानं रास्त शंका काढली, "पण पट्टाच का? हेल्मेट घाला म्हणा की सरळ." मी सांगितलं की हेल्मेट तर लोक घालतातच, पोलिसांच्या दोनशे मीटर आधी घालतात, वळण गेलं की ते पुन्हा कोपरावर. आणि डोक्यावर असतं तेव्हाही निम्म्यांचे पट्टे वाऱ्यावर फडफडत असतात. पडताना पहिल्या आपटीत मोकळं हेल्मेट वेगळ्या दिशेला जातं आणि डोकं वेगळ्या. दुसरी आपटी डोक्यानं एकट्यानंच सोसायची. खात्री करायची तर पट्टा लावून हेल्मेटची मागची कड धरून पुढे ओढून बघा. निघालं, तर ती टोपी आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमातही पट्ट्यानं किंवा तशाच बंदानं डोक्याला घट्ट बसवलेलं तेच हेल्मेट, अशी व्याख्या आहे. म्हणजे पट्टा न लावता हिंडणारा माणूस कायद्यानं बोडकाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा आला, आणि "हेल्मेट घाला" असं ठरलं.

भाषेचं मात्र विसरू नका. आईनं कोकणीत बोलावं की मराठीत, यावर आमचा दीड तास गेला. ती मुळात बोलतच नव्हती, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. डिचोलीच्या सदस्याला मराठी हवी, दुसऱ्याला कोकणी. शेवटी दोघांचाही मान राखून हिंदी निवेदन घेतलं. निवेदकानं ४५ सेकंदांत दीडशे शब्द म्हणून दाखवले, श्वास न घेता. माणसाला कान लावून ऐकायचं तर सत्तर-ऐंशी शब्दांच्या पुढे जाऊ नये. पण आपल्याला ऐकवायचं नाहीच, वाजवायचं आहे. शिवाय ही जाहिरात बसस्थानकावरच्या टीव्हीवर लागणार, जिथे आवाज बंद असतो. निवेदन लांबलं तर कुणाला काय त्रास!

आता हिशेब तुम्हीच करा, सोपा आहे. मान्यवरांचा संदेश आठ सेकंद. तो आधी बारा होता, फार विनवण्या करून कमी केला. बोधचिन्हं चार, म्हणून चार सेकंद. पाच संदेश प्रत्येकी चार सेकंद, म्हणजे वीस. ट्रक, किंकाळी, पांढरी चादर: नऊ. झाले एक्केचाळीस. उरलेल्या चारांत आईनं साडेतीन सेकंद रडायचं, कारण बाईला आणलंय तर रडवायला हवंच. टोपडं गेलं, "बाळ कुणाचं हे कळत नाही" म्हणून. पट्ट्याला उरलं अर्धं सेकंद. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर बारा.

त्या बारा फ्रेम मी शेवटपर्यंत धरून ठेवल्या होत्या. अंतिम दाखवण्याच्या दिवशी खोलीत अंधार होता. व्हायोलिन उसासलं, चादर पसरली, आई रडली, आणि मान्यवर यायच्या आधी अगदी बारीक टक् झालं. साहेबांनी हात वर केला. "थांब. रिवर्स घे." पुन्हा टक्.

"हा कसला आवाज मध्येच? एडिटिंगमध्ये काहीतरी राहिलंय. तेवढं काढून टाक, बाकी फर्स्ट क्लास."

कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा पार्किंगमध्ये साहेब स्कूटरवर बसत होते. हेल्मेट आरशाला टांगलेलं होतं. मला बघून त्यांनी ते डोक्यावर ठेवलं, पट्टा एका हातानं मागे सारला आणि म्हणाले, "चल, येतो. हांगाच वचपाचें आसा."