मेट्रोनिडाझोल सगळ्यांना, आणि ज्याला अॅब्सेस त्याला सातच दिवस

आज ओपीडीत एक डिस्चार्ज कार्ड हातात आलं आणि डोकं फिरलं.

पेशंट बावन्न वर्षांचा. काजूच्या भट्टीवर उर्राक जरा जास्त झाली, तिथेच उताणा पडला, झोपेत उलटी झाली. दोन दिवसांनी बारीक ताप, मग खोकला. दहा-बारा दिवस अंगावर काढून शेवटी अॅडमिट झाला. तेव्हाच्या फिल्मवर उजव्या वरच्या लोबच्या मागच्या भागात पोकळी, आत पू आणि वर हवा, मध्ये पाण्याची सरळ रेघ. उताण्या माणसाच्या श्वासनळीत गेलेला माल जातो तो नेमका तिथे, नाहीतर खालच्या लोबच्या वरच्या टोकाला. दात बघितले तर निम्मे किडलेले, हिरड्यांतून पू. हे लंग अॅब्सेस नाही तर काय?

कार्डावर औषधं: सेफ्ट्रियाक्सोन आणि मेट्रोनिडाझोल, सात दिवस. सहाव्या दिवशी ताप उतरला, सातव्या दिवशी घरी. सोबत पाच दिवसांच्या गोळ्या, नुसत्या मेट्रोनिडाझोलच्या.

आता दोन आठवड्यांनी परत आलाय. बायको हळूच म्हणाली, "डॉक्टर, थुंकीला असा वास येतो की त्यांच्या शेजारी बसवत नाही." अॅनारोब्जचं निदान त्या वाक्यातच झालं. कल्चरमध्ये ते उगवत नाहीत, कारण थुंकीच्या डबीत हवा असते आणि वर तोंडातले जंतू मिसळलेले असतात.

गंमत बघा. ह्याच मेट्रोनिडाझोलची बाटली आपण स्ट्रोक झालेल्या, ठसका लागलेल्या प्रत्येक आजीला लावतो. का? तर १९७० च्या दशकातल्या अभ्यासांत अॅस्पिरेशनमध्ये अॅनारोब्ज भरपूर सापडले. पण त्यातले बरेच पेशंट उशिरा आलेले, पू धरलेले, वासाची थुंकी असलेले होते. आज अॅस्पिरेशननंतर लवकर येणाऱ्यांत बहुतेक वेळा सापडतात ते न्यूमोकॉकस, स्टॅफ, ग्रॅम निगेटिव्ह, नेहमीचेच. २०१९ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात: अॅब्सेस किंवा एम्पायेमाचा संशय नसेल तर अॅनारोबिक कव्हर सरसकट जोडू नका. शिवाय ऑगमेंटिन चालू असताना वर मेट्रो म्हणजे एकावर एक दोन छत्र्या. आजीला मिळतं काय? मळमळ, तोंडाला धातूची चव, जेवण बंद आणि कधी क्लॉस्ट्रिडियमचे जुलाब.

आणि उलटीनंतर दोन तासांत धाप लागली, फिल्मवर डाग आला, तर तो बहुधा पोटातल्या अॅसिडने फुप्फुस भाजल्याचा. ऑक्सिजन द्या, सक्शन करा, पेशंट स्थिर असेल तर अँटिबायोटिक न देता २४ ते ४८ तास बघा. बरेचदा डाग आपोआप ओसरतो. खरंच न्यूमोनिया ठरला, तर पाच ते सात दिवस पुरतात. चौदा कशाला?

पण अॅब्सेसला हा हिशोब लावायचा नाही. उर्राकवाल्याचं घोडं इथेच अडलं. पोकळीच्या भिंतीतून औषध सावकाश झिरपतं. ताप आठ-दहा दिवसांत उतरला तरी पू आत असतोच. आणि नुसता मेट्रो? तोंडातल्या पूमध्ये स्ट्रेप्टोकॉकस असतात, थोड्या हवेत मजेत जगणारे. मेट्रोला ते दाद देत नाहीत. एकट्या मेट्रोवर अॅब्सेस फसतो हे किती जुनं ज्ञान आहे!

बरं, रागाच्या भरात एवढं कबूल करतो की अॅब्सेसला तीन ते सहा आठवडे औषध हा आकडाही मोठ्या चाचण्यांतून आलेला नाही, अनुभवातून आलाय. आणि बेड रिकामा करायचा दबाव कोणाला चुकलाय? पण सात दिवसांच्या बाजूने तर अनुभवही नाही.

त्याला आज परत भरती केलं. थुंकी टीबीसाठी सीबीनॅटला पाठवली, कारण आपल्याकडे वरच्या लोबमधली पोकळी दिसली की आधी तेच वगळायचं. क्विनोलोन मुद्दाम टाळलं, टीबी असेल तर झाकला जातो. ऑगमेंटिन १.२ ग्रॅम शिरेतून दर आठ तासांनी. ताप उतरून तो नीट जेवू लागला की ६२५ ची गोळी दिवसातून तीनदा. मेट्रो नाही. डेंटिस्टला चिठ्ठी दिली. दात नसलेल्या माणसाला असा अॅब्सेस झाला असता, तर श्वासनळीत गाठ आहे का ते दुर्बिणीने आधी बघितलं असतं.

बायकोने विचारलं, "किती दिवस गोळ्या?" म्हटलं, ताई, तारीख आज नाही लिहीत. तीन आठवड्यांनी फिल्म, मग पुन्हा एक. पोकळी मिटली किंवा बारीक डाग राहून तो वाढायचा थांबला, की बंद. दहा दिवसांत ताप उतरला नाही तर फिल्मची वाट बघायची नाही, सीटी करून पू काढायला नळी घालायची का ते ठरवू. ती सगळं त्याच डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून घेत होती.