सपाट रंग मी का धरले: एका प्रतिक्रियेला उत्तर

हलत्या जीआयएफ बॅनरवरच्या माझ्या लेखात मी ग्रेडियंट नको, सपाट रंग धरा म्हटलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "पाच फ्रेमचा सपाट रंगांचा बॅनर आज कोण बघतं? ग्रेडियंट जमत नाही म्हणून नको म्हणता. किंमत ०.१५ सेकंदात वाचून होते का? आणि जग व्हिडिओवर गेलं, हे यांना कोणीतरी सांगा."

किमतीची फ्रेम किती वेळ दिसावी, तिथे लेखात १५ पडलं, १५० हवं होतं. जीआयएफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. म्हणजे दीड सेकंद. चूक माझी, दुरुस्त केली.

पण "जमत नाही" हे कशावरून ठरवलंत? म्हापशात दुकानांचे बोर्ड ब्रशने रंगवत मी ह्या धंद्यात आलो. निळ्यातून पांढरा हाताने उतरवलाय, तोही ग्रेडियंटच. न पटलेलं सांगायचीही एक रीत असते हो.

ग्रेडियंटचंच घ्या. चवथीच्या सेलसाठी एका कापड दुकानाचा ३०० बाय २५० चा बॅनर केला, मागे केशरी-पिवळा ग्रेडियंट. जीआयएफला एका फ्रेममध्ये २५६ रंगच मिळतात, म्हणून मधल्या छटा ठिपके पेरून दाखवल्या जातात. हे डिदरिंग. जीआयएफची फाइल लहान होते ती एकाच रंगाचे पिक्सेल ओळीत सलग आले की. ठिपक्यांनी ती ओळच मोडते.

पुढचं नुकसान त्याहून मोठं. ह्या पद्धतीत एका पिक्सेलची रंगातली चूक उजवीकडच्या आणि खालच्या पिक्सेलांवर ढकलली जाते. मी वर फक्त "५०० रुपये" बदललं, तर खालचे ठिपकेही हलले. फ्रेम पुढेमागे करून पाहिलं, तर स्थिर असायला हवी ती पार्श्वभूमी वळवळत होती. ही खूण ओळखायला शिका. जीआयएफमध्ये पुढच्या फ्रेमला बदललेला तुकडाच साठवला तरी चालतं, पण मग तो तुकडा किमतीपुरता राहत नाही, जवळजवळ आख्खी फ्रेम पुन्हा साठवावी लागते. फाइल १८० केबी झाली. गूगलच्या जाहिरातीची मर्यादा १५० केबी आहे.

सपाट केशरी केला, GIMP मध्ये `Image > Mode > Indexed` उघडून १६ रंग ठेवले, `Color dithering` ला `None` दिलं, मग `Filters > Animation > Optimize (for GIF)`. आता पहिली फ्रेम पूर्ण, पुढच्या चारांत किमतीचा १२० बाय ६० चा तुकडा. म्हणजे ७५,००० पिक्सेलांऐवजी ७,२००. फाइल १४ केबी! ग्रेडियंट हवाच असेल तर तो पहिल्या फ्रेममध्येच ठेवा आणि पुढच्या फ्रेममध्ये किंमत सपाट पट्टीवर घ्या.

व्हिडिओचं म्हणाल तर, त्या दुकानदाराला बॅनर ईमेलमध्येही हवा होता. तिथे व्हिडिओ बहुतेक चालत नाही, आणि जुन्या आउटलुकमध्ये जीआयएफची पहिली फ्रेमच दिसते. म्हणून किंमत पहिल्याच फ्रेमवर आहे. लेखात हे लिहिलं होतं, तुम्ही तिथवर पोचला नाहीत.