रोजचा दीड जीबी आणि आमचं कुटुंब

प्लॅन संपत आला की कंपनी मला ज्या आपुलकीने मेसेज करते त्या आपुलकीने घरातलं कुणीच माझ्याशी बोलत नाही. आणि तो मेसेज आला रे आला की हमखास मेहुण्याचा फोन येतो. त्याला कसं कळतं देव जाणे. "भाऊजी, तुम्ही अजून तोच दीड जीबीवाला चालवताय? अहो दोन जीबीचा घ्या, सारखा टॉपअप मारण्यापेक्षा परवडतं." मेहुण्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं आणि ते नेहमी थोडं महाग असतं.

यावेळी म्हटलं, अंदाजपंचे काही घ्यायचं नाही, आपण खरंच किती वापरतो ते बघायचं आणि मग बोलायचं. आता प्रीपेडचं घरी बिल येत नाही, पण कंपनीच्या अॅपमध्ये युसेज हिस्टरी नावाचा एक कोपरा असतो, तो जाहिराती, बक्षिसं, चाक फिरवा आणि जिंका वगैरेच्या पार खाली लपवलेला असतो. फोनच्या सेटिंगमध्येही डेटा वापर दिसतो पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अँड्रॉइड कॅलेंडरचा महिना धरून मोजतो आणि प्लॅन 28 दिवसांचा असतो, सायकलची तारीख आपण बदलून द्यावी लागते. आयफोनचा 'करंट पीरियड' तर आपण हाताने रीसेट करेपर्यंत वाढतच राहतो, माझ्या बायकोचा तो फोन घेतल्यापासूनचा 'चालू' आहे. शिवाय पैसे कंपनीच्या मोजणीवर जातात, फोनच्या नाही. म्हणून आकडे अॅपमधूनच घेतले.

एका सायकलचा माझा एकूण वापर निघाला 16.6 जीबी. भागिले 28, म्हणजे रोज साधारण 0.6. मी खूश! दीड जीबी मिळतोय आणि निम्माही लागत नाही, म्हणजे 1 जीबीचा स्वस्तातला प्लॅन चालेल की. मग टॉपअप कोण मारतं, भूत?

त्याचं उत्तर बेरजेत नव्हतं, ते रोजच्या आकड्यांत होतं. 22 दिवस मी सरासरी 0.3 जीबी वापरला होता, कारण मी वायफायवर असतो. 4 दिवस बाहेर भटकण्यात 0.9 च्या आसपास. आणि 2 दिवस 3.2 जीबी प्रत्येकी. हे दोन दिवस कसले म्हणून तारखा बघितल्या, तर घरचं ब्रॉडबँड बंद होतं ते दिवस, आणि अख्खं घर माझ्या हॉटस्पॉटवर.

रोजच्या कोट्याचा प्लॅन म्हणजे रतीब, आज उरलं म्हणून उद्या जास्त मिळत नाही. कागदावर 28 गुणिले 1.5 म्हणजे 42 जीबी, पण त्यातला मी रोजच्या कोट्यातून खरा वापरला 13.2 जीबी, उरलेला रात्री बारा वाजता हवेत, आणि वर त्या दोन दिवसांत 1.7-1.7 जीबी कमी पडला म्हणून दोन टॉपअप. म्हणजे एकीकडे 28 जीबीच्या वर फुकट घालवतोय आणि दुसरीकडे 3.4 जीबी विकत घेतोय. हे वाचून बायको म्हणाली, "अरे हे तर तुझ्या कपड्यांच्या कपाटासारखं आहे." मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आता किमती. कंपनीचं नाव, देश, चलन काहीही असो, हिशेब तोच, म्हणून सोयीसाठी बिनचलनी आकडे धरतो. माझा प्लॅन 130 चा, 28 दिवस, दोन टॉपअप 10-10 चे, एकूण 150, म्हणजे दिवसाला 5.36. मेहुण्याचा दोन जीबीवाला 160 ला 28 दिवस, पण 3.2 च्या दिवशी दोन जीबीही कमीच पडतो ना, म्हणजे टॉपअप आहेतच, 180, दिवसाला 6.43. तिसरा एक कोपऱ्यात पडलेला प्लॅन होता, रोजचा कोटा नाही, 30 दिवसांत एकूण 25 जीबी, कसेही वापरा, किंमत 120. दिवसाला 4. हा प्लॅन 'बेस्टसेलर' नाही, 'हीरो' नाही, त्याच्यावर चमकणारी पट्टी नाही.

पण लगेच उडी मारायची नाही. एकाच सायकलवर ठरवलं तर ती सायकल नेमकी शांत असू शकते. आणखी दोन सायकली काढल्या, एक 14 ची, एक 21 ची. इथे तिन्हींची सरासरी कामाची नाही, सगळ्यात मोठी धरायची. 21 जीबी 28 दिवसांत, म्हणजे 30 दिवसांत 22.5. पंचवीसात बसतंय, थोडी जागाही उरतेय. आणि तुलना करताना नेहमी दिवसाचा भाव काढायचा, कारण 28 दिवसांच्या प्लॅनने वर्षाला 13 रिचार्ज होतात आणि 30 वाल्याने 12 च्या थोडे वर, त्यामुळे 100 चा 28 दिवसांचा प्लॅन 105 च्या 30 दिवसवाल्यापेक्षा महाग पडतो. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "भाऊजी, पाच जास्तच आहेत ना पण."

बायकोचे आकडे काढायला गेलो तर वेगळीच मजा. 1.5, 1.5, 1.5, 1.5. एकदम सरळ रेष. मला वाटलं बाईंची शिस्त बघा! पण रोज बरोब्बर कोट्याएवढा वापर म्हणजे शिस्त नसते, ती भिंत असते, आणि भिंतीच्या पलीकडे किती भूक आहे ते या आकड्यांवरून कळूच शकत नाही. दीड, दोन, चार, काहीही असेल. माझे 3.2 खरे होते कारण 2 जीबीच्या टॉपअपमधला 0.3 उरला होता. हिचं तसं नाही. मग बघायचं काय, तर 'आपला डेटा संपला' हा मेसेज किती वाजता येतो ते. हिला तो संध्याकाळी सातला येतो, म्हणजे रोज सात ते बारा ती कासवाच्या वेगावर काढते आणि मग "तुझं वायफाय बेडरूममध्ये येत नाही" म्हणून माझ्यावर चिडते. तिचा मोबाईल डेटा घरात बसून का संपतोय याचं उत्तर त्या वाक्यातच होतं, म्हणजे तिचा प्लॅन मोठा करून काय उपयोग, आधी वायफाय बघायला हवं.

तेव्हा वळलो ब्रॉडबँडकडे. तिथे मात्र रीतसर बिल येतं आणि त्यावर महिन्याचा वापर: 310 जीबी. हा आकडा फक्त एका कामाचा, तो म्हणजे कोट्याच्या वर जातोय का ते बघायला. आमचा कोटा 500 चा, त्यानंतर वेग पडतो, आणि मुलाच्या सुट्टीच्या महिन्यात आम्ही 460 ला टेकलो होतो. म्हणजे पुरतंय. पण वेग किती हवा हे बिलावरून कळत नाही हो. 310 जीबी महिनाभरात सारखे पसरले तर सरासरी वेग 1 एमबीपीएससुद्धा येत नाही! हे मी कस्टमर केअरच्या मुलाला सांगितलं, तो मला 300 एमबीपीएसचा प्लॅन विकत होता. तो क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला, "सर, पण 300 मध्ये फॅमिली खूश राहते."

वेग ठरतो तो रात्री नऊला, जेव्हा सगळे एकदम बसतात. एचडी व्हिडिओला साधारण 5 एमबीपीएस धरा, आमच्याकडे दोन चालू, मुलाचा 4के त्याला 15, बायकोची मीटिंग 4. एकूण 29. आम्ही पैसे भरतोय 100 एमबीपीएसचे. 50 चा पुरेल. फक्त मीटिंगसाठी अपलोडचा वेग किती ते विचारून घ्यायचं, जाहिरातीतला मोठा आकडा डाऊनलोडचा असतो.

बेडरूमचा प्रश्न तपासायला लॅपटॉपला राउटरची केबल लावून स्पीड टेस्ट केली, 94. मग वायफायवर बेडरूममध्ये, 11. म्हणजे लाइन ठणठणीत, वेग दोन भिंतींत मेला. इथे 300 चा प्लॅन घेतला असता तरी फारसा फरक पडला नसता. राउटर टीव्हीच्या मागून काढून पॅसेजमध्ये ठेवला, बेडरूममध्ये 40 आले. बायको काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या आकड्यात पहिल्यांदा 0.6 दिसला.

राहिले बाबा. बाबांना इंटरनेट नको, फक्त कॉल. त्यांनी स्वतःच 100 मिनिटांचा प्लॅन शोधला होता, का तर कॉल लॉगवर बेरीज 71 मिनिटं. "एकोणतीस उरतायत की रे." अडचण अशी की बाबा लांब बोलत नाहीत, ते चाळीस सेकंदांचे कॉल करतात. पोचलास का, जेवलास का, ठेव. आणि त्या प्लॅनचा पल्स 60 सेकंदांचा, म्हणजे 61 सेकंद बोललात तर 2 मिनिटं गेली. एकूण बेरजेला वर ढकलून चालत नाही, प्रत्येक कॉल वेगळा वर ढकलावा लागतो. फक्त आउटगोइंग कॉल घेतले, ते भरले 90, सेकंद एक्सेल शीटच्या ए कॉलममध्ये, आणि खाली:

```
=SUMPRODUCT(ROUNDUP(A2:A91/60,0))
```

उत्तर आलं 118. शंभरच्या प्लॅनमधून 18 मिनिटं बाहेर, आणि बाहेरचा दर वेगळा. बाबांनी शीटकडे असं बघितलं जणू मीच ती 47 मिनिटं खाल्ली. मग त्यांना एक सेकंद पल्सवाला प्लॅन घेऊन दिला, तिथे 71 म्हणजे खरोखर 71.

पण बाबांना ते सेकंदाचं प्रकरण फारच मनावर घ्यावंसं वाटलं. आधी मिनिट तर जाणारच म्हणून ते निदान चाळीस सेकंद बोलायचे. आता नऊ सेकंदांत "पोचलास? बरं" आणि कट, मग आठवलं की परत फोन, "आणि हो, छत्री?" कट. नव्वद कॉलची जुनी यादी आता काही कामाची नाही, बाबांची शीट नव्याने भरायला घेतलीये. मेहुण्याला तेवढा धीर कुठला, त्याने त्यांना अनलिमिटेडची लिंक आधीच पाठवलीये.