बचतीचा पाच लिटरचा डबा

बचत करायचीच ठरवली असेल, तर आधी घरातलं तेलाचं लहान भांडं माळ्यावर टाका आणि पाच लिटरचा डबा घेऊन या. दुकानात हिशेब करताना फक्त एकच भागाकार करायचा. लिटरची बाटली समजा शंभराला आणि डबा चारशेला असेल, तर डब्यातलं तेल लिटरला ऐंशी पडलं. वीस टक्के वाचले! इथेच थांबा. पुढचा भागाकार भलत्या वाटेला नेतो.

शेजारीच किलोचा डबा असतो. त्याच्याकडे तर बघूसुद्धा नका, कारण तेल पाण्याहून हलकं असतं आणि लिटरभर तेल जेमतेम ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पाच किलोच्या डब्यात साडेपाच लिटरच्या आसपास तेल असतं, आणि दोन्ही डब्यांवर सारखीच किंमत असली तरी ते सारखे नसतात. असल्या बारकाव्यात शिरलात तर खरेदीची मजा जाते.

घरी आल्यावर डबा गॅसशेजारी ठेवा. ऊब लागते, उजेड लागतो, हात लगेच पोचतो. तेल जसजसं उतरतं तसतशी डब्यात हवा भरते, आणि खवटपणाला हवा, ऊब, उजेड याखेरीज दुसरं काही नको असतं. तळाचं लिटरभर तेल जुन्या रंगाच्या डब्यासारखं वास मारायला लागलं की बेसिनमध्ये न ओतता एखाद्या बाटलीत भरून कचऱ्यात टाका. चारशे भागिले चार, म्हणजे लिटरला शंभर. बाटलीच्याच भावात आलात, वर पाच लिटरचं ओझं उचलायचा व्यायाम झाला. (सवलत जेवढे टक्के, तेवढेच टक्के माल फेकला की हिशेब बरोब्बर शून्यावर येतो. हे कुणाला सांगू नका.)

तुमच्याकडे काहीच वाया जात नाही म्हणता? मग हात सैल सोडा. बाटली असताना तळ दिसला की चमचा आपोआप आखडतो, डबा भरलेला असला की धार लागते. लिटर पूर्वी तीस दिवस पुरायचं, म्हणजे पाच लिटर दीडशे दिवस जायला हवं. ते एकशेवीस दिवसांत संपवून दाखवा. शंभर भागिले तीस आणि चारशे भागिले एकशेवीस, दोन्हीकडे दिवसाचा खर्च तोच! डबा कधीपर्यंत पुरायला हवा ती तारीख त्यावर लिहून ठेवणारे लोक हे लगेच पकडतात. तुम्ही तसले नाही आहात.

आणि खवट तेल फेकवतच नसेल, तर दाराच्या बिजागऱ्यांना घाला. काही महिन्यांत ते चिकट होऊन दार जाम होईल, आणि पुढचा डबा आणायला बाहेर पडणं निदान तेवढ्यापुरतं तरी लांबेल.