जुन्या क्रमांकाच्या सूचनेबाबत दुकानदाराचे उत्तर

★☆☆☆☆
"अंबिया बहाराचं पहिलं पाणी सुरू केलं अन् दुसऱ्याच दिवशी मोटार जळाली. स्टार्टरच्या पेटीवर यांचाच नंबर लिहिला आहे, तो लावला तर भलताच माणूस बोलला. तीनदा लावला तं चिडला. शेवटी मोटार गाडीवर टाकून १६ किलोमीटर आलो, तर शटर बंद. नंतर समजलं, नंबर बदलल्याची नोटीस आतल्या काचेवर आहे. आत लावलेली नोटीस कोणासाठी?"

नमस्कार भाऊ,

आपली तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. ऐन पाण्याच्या दिवसांत आपली खेप वाया गेली, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

हे कसे घडले ते सांगतो. आमच्या रिवायंडिंगच्या कामाला पावसाळ्यात मंदी असते, कारण त्या दिवसांत मोटारी बंदच असतात. दुकानाच्या क्रमांकाचा रिचार्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात संपला, फोन वाजेनासा झाला आणि काम नाही म्हणून फोन नाही, असे आम्ही धरून चाललो. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते. सप्टेंबरअखेर आम्ही सिम घेऊन गेलो तेव्हा तो परत मिळणार नाही असे सांगण्यात आले. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, त्यानंतर मात्र तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास ज्यांनी फोन लावला त्यांना क्रमांक अस्तित्वात नसल्याचे ऐकू आले, आणि जानेवारीत आपण लावला तेव्हा तो एका अनोळखी गृहस्थांकडे गेलेला होता. त्यांचा यात काहीही दोष नाही, त्यांना दिवसभर मोटारींचेच फोन येत होते. मी त्यांच्याशी बोलून त्यांचीही क्षमा मागितली आहे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही जी सूचना लावली ती तीन ठिकाणी चुकली. ती काचेच्या आतून होती, म्हणजे शटर पाडले की दिसत नसे, आणि गरज तर बंद दुकानासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला होती. तिच्यात तारीख नव्हती. शिवाय "जुना नंबर" म्हणून तो क्रमांक वर, पूर्ण आणि ठळक छापला होता व नवा त्याच्या खाली होता. घाईतला माणूस पहिला दिसेल तोच क्रमांक लावतो, आणि दोन जणांनी सूचना वाचूनही जुनाच लावल्याचे आम्हाला नंतर कळले.

आता पत्र्याची पाटी शटरवर नव्हे, तर शेजारच्या खांबावर ठोकली आहे, कारण शटरवर चिकटवलेला कागद शटर वर गुंडाळताना फाटतो आणि दुकान उघडे असताना दिसतही नाही. नवा क्रमांक सर्वांत वर, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत आहे. त्याखालचा मजकूर असा आहे:

"आमचा ८४ ने संपणारा जुना क्रमांक ३० सप्टेंबरपासून कायमचा बंद झाला आहे. त्यावर बोलणाऱ्या व्यक्तीचा या दुकानाशी संबंध नाही. कृपया त्या क्रमांकावर कामाचे पैसे पाठवू नयेत."

जुन्या क्रमांकाचे फक्त शेवटचे दोन आकडे मुद्दाम ठेवले आहेत. ज्याच्याकडे तो आहे त्याला ओळख पटते, पण पाटीवरून तो लावता येत नाही. पैशांची ओळ महत्त्वाची आहे, कारण मोबाईल क्रमांकावर पाठवलेली रक्कम आता त्या क्रमांकाशी ज्यांचे खाते जोडलेले असेल त्यांच्याकडे जाईल. पाठवण्याआधी पडद्यावर दिसणारे नाव आमचे आहे का, एवढे प्रत्येकाने पाहावे.

मात्र आपल्या तक्रारीतली खरी गोष्ट पाटीपलीकडची आहे. दुकानापर्यंत आलेल्या माणसालाच पाटी दिसते, आणि मोटार जळते ती मळ्यात. तिथे आमचा क्रमांक आम्हीच ऑइलपेंटने स्टार्टरच्या पेटीवर लिहून ठेवलेला आहे. म्हणून मागील दोन हंगामांची पावती पुस्तके काढून आम्ही प्रत्येक ग्राहकाला नव्या क्रमांकावरून फोन करत आहोत, आणि ज्या गावात कामाला जाऊ तिथल्या पेट्यांवरचा जुना क्रमांक रंगाने पूर्ण बुजवून नवा लिहीत आहोत. नुसती रेघ मारून भागत नाही, रेघेखालचे आकडे वाचता येतात आणि लोक तेच लावतात. हे काम अजून अर्धेही झालेले नाही.

आपल्या गावाकडे येत्या सोमवारी सकाळी आमचा माणूस येईल व आपल्या पेटीवरचा क्रमांक बदलून देईल. मोटार आपण दुसरीकडे भरून घेतली असेल तरी चालेल, हे काम आमच्याकडेच राहिलेले आहे. नवा क्रमांक गूगल मॅपवर दुकानाच्या नावाखाली दुरुस्त केला आहे.